बिलाचे पैसे वेळेत आल्यावर: पावतीसारखे न वाटणारे आभार कसे लिहावेत

काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाने माझ्या बिलाचे पैसे मुदतीच्या बऱ्याच आधी पाठवले. मला मनापासून आनंद झाला आणि मी लगेच लिहिले, ‘आपल्याकडून बिलाची संपूर्ण रक्कम प्राप्त झाली. धन्यवाद.’ त्यावर त्यांचे दोन शब्दांचे उत्तर आले, ‘नोंद घेतली.’ पुढे कळले की त्यांनी माझा तो निरोप तसाच हिशेब विभागाकडे पाठवला आणि तिथे तो पोच म्हणून फाइलला लागला. चूक त्यांची नव्हती. मी आभार मानले आहेत असे मला वाटत होते, पण प्रत्यक्षात मी पावती लिहिली होती आणि त्यांनी पावतीचे जे करायचे असते ते केले.

मी वेष्टने आणि लेबले यांच्या आरेखनाचे काम स्वतंत्रपणे करतो. बहुतेक ग्राहक छोटे उद्योजक असल्यामुळे काम ठरवणारी, बिल मंजूर करणारी आणि कधीकधी बँकेत पैसे वळते करणारी व्यक्ती एकच असते. अशा ग्राहकाला उद्देशून चार ओळी कशा लिहाव्यात, हे पुढे एका प्रत्यक्ष बिलाच्या आधाराने क्रमाने मांडले आहे. लांबलेल्या वसुलीनंतर किंवा दहा वेळा आठवण केल्यानंतर आलेल्या पैशांना ही रीत लागू पडत नाही. तिथे फक्त पोच द्यावी आणि गप्प बसावे.

बिल असे होते. सांगलीतील एका घरगुती मसाल्यांच्या कंपनीसाठी चार पाकिटांची लेबले केली होती. बिल ६०,००० रुपयांचे होते आणि मुदत ३० दिवसांची होती. माझी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्यामुळे बिलात जीएसटी नव्हता. कंपनीच्या मालकीणबाईंना मी ‘मॅडम’ म्हणतो आणि त्यांच्याकडे हिशेब सांभाळणाऱ्या ज्येष्ठ गृहस्थांना सगळे ‘काका’ म्हणतात. बिल दिल्यापासून सहाव्या दिवशी दुपारी मॅडमनी व्हॉट्सअॅपवर बँकेच्या व्यवहाराचे छायाचित्र पाठवले.

आधी खाते पाहावे

छायाचित्र आले म्हणजे पैसे आले असे नाही. एनईएफटीचे व्यवहार दर अर्ध्या तासाच्या तुकड्यांत निकाली निघतात, त्यामुळे पाठवणाऱ्याच्या खात्यातून पैसे गेल्यावर आपल्या खात्यात दिसायला थोडा वेळ लागू शकतो. कधी खाते क्रमांकातील एखादा आकडा चुकल्यामुळे रक्कम परतही जाते. आभार मानून झाल्यावर ‘पैसे अजून दिसत नाहीत’ असे कळवण्याची वेळ आली, तर आधीचा निरोप हास्यास्पद ठरतो. म्हणून छायाचित्रावर तेवढ्यापुरते ‘पाहिले, मॅडम’ असे लिहावे आणि आभार खात्यात जमा दिसेपर्यंत राखून ठेवावेत.

जमा दिसल्यावर रक्कम ताडून पाहावी. माझ्या खात्यात ६०,००० नव्हे, तर ५४,००० रुपये आले होते. सहा हजार कमी का, हा प्रश्न नवख्या माणसाला दचकवतो, पण उत्तर साधे असते. कंपनीने १० टक्के टीडीएस, म्हणजे आपल्या आयकराची आगाऊ कपात, कापून उरलेली रक्कम पाठवलेली असते. कापलेले ६,००० रुपये आपल्या नावे सरकारजमा होतात आणि कंपनीने तिमाहीचे विवरण भरल्यावर आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या नावापुढे दिसू लागतात. म्हणजे बिल पूर्ण भागले आहे आणि आभार मानायला हरकत नाही. टीडीएसने उलगडा न होणारी तूट असेल, तर मात्र आधी हिशेबनिसाला विचारून ती मिटवावी. ‘खूप आभार, फक्त दोन हजार कमी आले आहेत’ या वाक्यात वाचणाऱ्याला दोन हजारच दिसतात.

पावती आणि आभार यांची ताटातूट

निरोप पावतीसारखा होण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे एकाच निरोपात दोन कामे उरकण्याचा मोह. हिशेबासाठी पोच खरोखरच लागते, त्यामुळे ती टाळू नये. ती वेगळी पाठवावी, वेगळ्या माणसाला पाठवावी आणि तीत सगळे कोरडे तपशील बिनदिक्कत घालावेत. बिल क्रमांक, बिलाची रक्कम, कापलेला टीडीएस, प्रत्यक्ष जमा रक्कम, जमा झाल्याची तारीख आणि बँकेचा यूटीआर क्रमांक, एवढे त्यात असावे. मी काकांना ईमेलवर ही पोच पाठवली आणि शेवटी तिमाहीनंतर टीडीएसचा दाखला पाठवण्याची विनंती केली. पोच पावतीसारखी वाटली तर बिघडत नाही, कारण ती पावतीच आहे.

आकड्यांना दुसरीकडे जागा मिळाल्यामुळे आभाराच्या निरोपात त्यांची गरजच उरत नाही. रक्कम, बिल क्रमांक, तारीख आणि ‘खात्यात जमा’ हे शब्द यांपैकी काहीही मॅडमना जाणाऱ्या निरोपात येऊ द्यायचे नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे. रक्कम लिहिली की वाचणाऱ्याचा हात आपोआप हिशेबाच्या वहीकडे जातो.

कोणाला आणि कुठे

पैसे कोणी पाठवले यापेक्षा वेळेत पाठवायचे असे कोणी ठरवले, हे शोधावे. छोट्या कंपनीत ते ठरवणे मालकाचे असते. मोठ्या कंपनीत पैसे ठरलेल्या दिवशी यंत्रणेतून आपोआप निघतात. तिथे हिशेब विभागाच्या सामायिक पत्त्यावर लिहिलेले आभार कोणीही वाचत नाही, पण ज्या अधिकाऱ्याने आपले बिल टेबलावर पडू न देता दुसऱ्याच दिवशी मंजूर करून पुढे पाठवले, त्याला लिहिलेले दोन शब्द नक्की पोहोचतात. हिशेबनिसालाही विसरू नये. त्याला बहुतेक वेळा फक्त तगादेच ऐकू येतात, त्यामुळे पोच पाठवताना वरच्या ओळीत ‘काका, तुम्ही लगेच लक्ष घातलंत, बरं वाटलं’ एवढे लिहिले तरी पुरते.

निरोप त्या व्यक्तीच्या खाजगी क्रमांकावर किंवा ईमेलवर पाठवावा. कामासाठी केलेल्या व्हॉट्सअॅप गटात कधीही लिहू नये. त्या गटात छपाईवाला असतो, छायाचित्रकार असतो आणि त्यांतल्या कोणाचे तरी पैसे अजून यायचे असतात. आपले जाहीर आभार त्याला तगाद्याचे निमित्त देतात आणि ग्राहकाला अडचणीत टाकतात. माध्यमाबाबत मी ग्राहकाच्या सवयीने चालतो. मॅडमनी छायाचित्र व्हॉट्सअॅपवर पाठवले होते, म्हणून आभारही तिथेच.

वेळ त्याच दिवशीची किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळची साधावी. आठवडा उलटून गेल्यावर ‘मागच्या आठवड्यात पैसे मिळाले होते’ असे लिहिणे म्हणजे राहून गेलेले काम पुरे केल्यासारखे दिसते. इतका उशीर झालाच, तर स्वतंत्र निरोप लिहू नये. पुढच्या कामाच्या वेळी बोलता बोलता सांगावे, ते अधिक स्वाभाविक वाटते.

वाक्यात माणूस आणावा

आता प्रत्यक्ष लेखन. पावतीची मराठी आणि आभाराची मराठी यांतला फरक मला व्याकरणात सापडला. ‘रक्कम प्राप्त झाली’ या वाक्यात कर्ता रक्कम आहे. ‘बिल अदा करण्यात आले’ यात तर कोणी अदा केले तेच लपले आहे. पावतीला हे चालते, कारण तिला माणसाशी देणेघेणे नसते. आभारात मात्र ज्याने काहीतरी केले तो वाक्यात दिसायला हवा. ‘तुम्ही लगेच पैसे पाठवलेत’ असे म्हटले की तीच माहिती राहते, पण वाक्य त्या माणसाकडे तोंड करून उभे राहते. म्हणून पहिला मसुदा झाल्यावर मी प्रत्येक वाक्यात ‘तुम्ही’ किंवा ‘मी’ आहे का, एवढेच पाहतो. जिथे नाही, तिथे बहुधा पावती डोकावत असते.

शब्दांचेही तसेच आहे. ‘प्राप्त’, ‘अदा’, ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘सहकार्याबद्दल’ हे शब्द कचेरीच्या कागदांतून आलेले आहेत आणि ते आल्याबरोबर चार ओळींची ऊब निघून जाते. ‘रक्कम’ऐवजी ‘पैसे’ म्हणायला संकोच वाटू नये. संकोच वाटलाच, तर ‘बिलाचं लगेच केलंत’ इतकी मोघम मराठीही चालते, कारण संदर्भ दोघांनाही ठाऊक असतो. ‘पुन्हा सेवेची संधी द्यावी’ हे वाक्य दुकानाच्या बिलाच्या तळाशी छापलेले शोभते. ओळखीच्या माणसाला ते लिहिले की आपण त्याला गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे करतो.

‘धन्यवाद’ या शब्दाला माझा विरोध नाही, पण तो एकटा आला तर शिक्क्यासारखा उमटतो. त्याच्या आधी एक खरे वाक्य असेल, तर तोच शब्द जिवंत वाटतो. दुसऱ्या टोकाला ‘उपकार’, ‘कृपा’, ‘मेहेरबानी’, ‘ऋणी आहे’ हे शब्द जातात. केलेल्या कामाचे पैसे मिळाले आहेत, त्यामुळे इथे उपकार म्हणणे खोटे ठरते. त्यातून ग्राहकाला असेही वाटू शकते की हा माणूस पैसे मिळण्याची आशा सोडून बसला होता.

वेळ सांगणारा शब्द नेमका निवडावा. मुदतीच्या दिवशी पैसे आले तर ‘वेळेवर’ म्हणावे आणि मुदतीच्या बऱ्याच आधी आले तर ‘लगेच’. तिसाव्या दिवशी आलेल्या पैशांना ‘इतक्या तत्परतेने’ म्हटले, तर वाचणारा हसेल किंवा टोमणा समजेल. टोमण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो ‘या वेळी’ या दोन निरुपद्रवी शब्दांत. ‘या वेळी लगेच पैसे पाठवलेत, बरं वाटलं’ असे मी एकदा एका ग्राहकाला लिहिले आणि त्यांचा फोन आला, ‘म्हणजे मागच्या वेळी उशीर झाला होता का?’ मागच्या वेळीही त्यांनी वेळेतच दिले होते. ‘चक्क’, ‘अखेर’, ‘आठवण न करताही’ हे शब्द याच जातीचे आहेत. कौतुक करताना ते ग्राहकाच्या मागच्या वागण्यावर बोट ठेवतात.

एक खरा तपशील

वर सांगितलेली सगळी पथ्ये पाळूनही निरोप कोणालाही पाठवता येण्यासारखा उरू शकतो. तो या ग्राहकाचा, या कामाचा करायचा असेल, तर त्यात एक खरा तपशील हवा. तो दोन ठिकाणी मिळतो. पैसे लगेच आल्यामुळे आपल्याकडे प्रत्यक्ष काय झाले, हे एक, किंवा त्या कामातली एखादी आठवण, हे दुसरे. माझ्या बाबतीत पहिले होते. लेबलांवरची मिरची, धणे, दगडफूल यांची चित्रे एका चित्रकार मुलीने हाताने रंगवली होती. मॅडमचे पैसे आल्यामुळे मी तिचे पैसे त्याच संध्याकाळी देऊ शकलो. ही गोष्ट मॅडमना कळण्याजोगी होती, कारण ती चित्रे त्यांना फार आवडली होती.

इथे मर्यादा ओळखावी. चित्रकाराला पैसे देता आले हे सांगणे आणि ‘घरभाडं थकलं होतं, तुमच्यामुळे सुटलो’ हे सांगणे यांत अंतर आहे. दुसऱ्या वाक्याने ग्राहकाला आपल्या अडचणीचा साक्षीदार केले जाते आणि पुढच्या वेळी दर ठरवताना ती अडचण त्याच्या लक्षात राहते. आपली तंगी खरी असली, तरी ती या निरोपात आणू नये. सांगण्याजोगा तपशील नसेल, तर बनवूही नये. अशा वेळी निरोप दोन ओळींचा झाला तरी चालतो.

तीन मसुदे

माझा पहिला मसुदा असा होता:

‘नमस्कार मॅडम, चार लेबलांच्या बिलाची रक्कम आज खात्यात जमा झाली. वेळेवर पेमेंट केल्याबद्दल व आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. भविष्यातही असेच सहकार्य मिळावे ही अपेक्षा.’

यात चूक अशी काही नाही, पण पहिले वाक्य काकांसाठी आहे, दुसरे कोणासाठीही आहे आणि तिसरे तर पुढच्या बिलाची आगाऊ ताकीद आहे. शिवाय मुदतीला चोवीस दिवस शिल्लक असताना ‘वेळेवर’ म्हणणे हा मॅडमनी केलेल्या गोष्टीला उणेपणा होता. दुसऱ्या मसुद्यात मी उलट बाजूला गेलो:

‘मॅडम, किती आभार मानू! इतक्या लवकर पैसे देणारे लोक हल्ली राहिलेच नाहीत. तुमच्यासारखे ग्राहक मिळायला भाग्य लागतं. चित्रं काढणाऱ्या मुलीलाही आजच पैसे दिले, तिलाही फार आनंद झाला. मसाल्यांच्या पुढच्या पाकिटांचं काम सुरू करायचं असेल तर मी तयार आहे!’

हा निरोप वाचून मला स्वतःलाच अवघडल्यासारखे झाले. ‘हल्ली राहिलेच नाहीत’ यात इतर ग्राहकांची तक्रार आहे, आणि जो माणूस इतरांची तक्रार माझ्यापाशी करतो तो माझीही कुठेतरी करत असेल, असे कोणालाही वाटेल. शेवटचे वाक्य तर सगळ्यावर पाणी टाकते. आभाराच्या मागोमाग मागणी आली की आधीच्या ओळी प्रस्तावना ठरतात. पुढचे काम, दुसऱ्या कोणाकडे शिफारस, संकेतस्थळावर दोन चांगले शब्द, यांपैकी जे काही मागायचे असेल ते निदान चार दिवसांनी वेगळे मागावे. पण चित्रकाराचे वाक्य खरे होते, म्हणून ते ठेवले आणि बाकीचे काढले:

‘मॅडम, तुम्ही बिलाचं लगेच केलंत, फार बरं वाटलं. त्यामुळे मिरची-धण्याची चित्रं काढणाऱ्या मुलीचे पैसेही मी आजच देऊ शकलो. मनापासून धन्यवाद. पाकिटं छापून आली की एक मला नक्की दाखवा.’

शेवटच्या वाक्यात मागणी आहे असे कोणी म्हणेल. तशी ती आहेही, पण ती पैशाची किंवा कामाची नाही, आणि वाचणाऱ्याला उत्तर द्यायला एक सोपी जागा करून देते. निरोप मोबाइलच्या पडद्यावर वर-खाली न सरकवता मावतो, त्याहून लांब तो नसावा. मोठ्याने वाचून पाहिला तर समोर बसलेल्या मॅडमना मी हेच, याच शब्दांत म्हटले असते. त्यांच्याशी मी ‘तुम्ही’ म्हणूनच बोलतो, म्हणून लिहितानाही ‘आपण’वर गेलो नाही. ज्यांच्याशी बोलण्यातही ‘आपण’ आणि ‘सर’ असते, त्यांना तसेच लिहावे. एरवी जवळिकीने बोलणारा माणूस पैशाचा विषय निघताच एकदम ताठ झाला, की वाचणाऱ्याला खटकते.

पुन्हा पुन्हा वेळेत देणाऱ्यांचे काय

दर महिन्याला नेमाने पैसे देणाऱ्या ग्राहकाला दर महिन्याला तोच निरोप पाठवला, तर तिसऱ्या महिन्यापासून तो यंत्राने पाठवल्यासारखा वाटू लागतो. अशा ग्राहकांना मी एरवी फक्त पोच देतो. वर्षातून एकदा, शक्यतो पैसे नुकतेच आलेले नसताना, ‘वर्षभरात मला एकदाही बिलाची आठवण करावी लागली नाही, हे मी मनात ठेवलं आहे’ असे लिहितो. वर ‘आठवण न करताही’ हे शब्द टाळा म्हटले आणि इथे आठवणीचाच उल्लेख केला, हे खरे आहे. पण एका बिलापुरते म्हटले की ते आश्चर्य वाटते आणि वर्षभराचे म्हटले की ती ओळख होते.

मार्च महिन्यातल्या पैशांबाबतही थोडे तारतम्य ठेवावे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे कायद्याच्या मुदतीत, म्हणजे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत, दिले नाही तर तो खर्च ज्या वर्षी पैसे दिले त्याच वर्षी वजावटीला धरता येतो. २०२४-२५ या आकारणी वर्षापासून हा नियम लागू आहे. त्यामुळे असा उद्योग म्हणून आपली सरकारदरबारी उद्यम नोंदणी असेल, तर मार्चअखेर पैसे लवकर येण्यामागे ग्राहकाच्या सीएचा फोनही असू शकतो. आभार तेव्हाही मानावेत, पण साधे मानावेत आणि त्या कायद्याचा उल्लेख चुकूनही करू नये. आभारात कायदा आला की ती नोटीस वाटते.

निरोप साधला की नाही, हे उत्तरावरून कळते. ‘ओके’, ‘नोंद घेतली’ किंवा नुसता अंगठा आला, तर तो बहुधा पावती म्हणून वाचला गेला. ‘अहो, त्यात काय एवढं, तुमचेच पैसे’ असे आले, तर थोडे जास्त झाले, पुढच्या वेळी एक वाक्य कमी करावे. मॅडमचे उत्तर रात्री आले, ‘मुलीला सांगा, दगडफुलाचं चित्र आमच्या सासूबाईंनी लगेच ओळखलं.’ पैशांचा त्यात उल्लेखही नव्हता. तीन आठवड्यांनी कुरिअरने चारही पाकिटे आली, आत मसाला भरलेली.